माहितीगळतीची सूचना कशी वाचावी : एअर इंडियाचे २०२१ मधील पत्र आणि नवे नियम

नवी दिल्ली : प्रवाशांची वैयक्तिक माहिती सायबर हल्ल्यात बाहेर गेल्याचे एअर इंडियाने २१ मे २०२१ च्या सुमारास ई-मेलद्वारे कळवले. जगभरातील सुमारे ४५ लाख व्यक्तींशी हे प्रकरण संबंधित होते. त्या वेळी ही विमान कंपनी केंद्र सरकारच्या मालकीची होती आणि तिचे मुख्यालय नवी दिल्लीत होते. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ती टाटा समूहाकडे गेली आणि नंतर मुख्यालय गुरुग्रामला हलले. मालकी बदलली, मुख्यालय बदलले, तरी ते पत्र आजही अभ्यासण्याजोगे आहे. ग्राहकाला माहितीगळतीची सूचना देणे तेव्हा कायद्याने बंधनकारक नव्हते. आता ते बंधनकारक होत आहे. त्यामुळे अशा सूचनेत काय असावे, काय नसले तर ग्राहकाची गैरसोय होते आणि ती हाती पडल्यावर नेमके काय करावे, हे या एका पत्रावरून पुष्कळ स्पष्ट होते.

हल्ला एअर इंडियाच्या स्वतःच्या यंत्रणेवर झालेला नव्हता. जिनिव्हात मुख्यालय असलेली ‘सिटा’ ही संस्था अनेक विमान कंपन्यांना आरक्षण आणि प्रवासी-सेवेच्या संगणकप्रणाली पुरवते. तिच्या प्रवासी-सेवा प्रणालीच्या सर्व्हरमध्ये हल्लेखोर शिरले. घटनेचे गांभीर्य २४ फेब्रुवारी २०२१ रोजी निश्चित झाल्याचे सिटाने ४ मार्चला जाहीर केले. एअर इंडियाला तिची पहिली वर्दी २५ फेब्रुवारीला मिळाली होती. मात्र कोणकोणत्या प्रवाशांची माहिती गेली, हे कंपनीला २५ मार्च आणि ५ एप्रिल अशा दोन टप्प्यांत कळले. मधल्या काळात, १९ मार्चला, संकेतस्थळावर एक सर्वसाधारण निवेदन देण्यात आले. प्रवाशांना सविस्तर पत्र मिळाले ते मे महिन्याच्या उत्तरार्धात. पहिल्या वर्दीपासून मोजले तर मध्ये सुमारे ८५ दिवस गेले आणि नावांची दुसरी यादी हाती आल्यापासून मोजले तरी दीड महिना.

सेवा पुरवणाऱ्या त्रयस्थ संस्थेकडून नावे मिळाल्याखेरीज कंपनी कोणाला लिहिणार, हा विलंबाच्या पहिल्या भागाचा खुलासा समजण्यासारखा आहे. यादी हाती आल्यानंतरच्या दीड महिन्याचा खुलासा पत्रातून होत नाही.

पत्रात काय होते

२६ ऑगस्ट २०११ ते ३ फेब्रुवारी २०२१ या काळात नोंदवली गेलेली माहिती बाहेर गेली, असे पत्रात म्हटले होते. तिच्यात नाव, जन्मतारीख, संपर्काचा तपशील, पारपत्राची माहिती, तिकिटाची माहिती, ‘स्टार अलायन्स’ आणि एअर इंडियाच्या नियमित प्रवासी योजनेतील नोंदी तसेच क्रेडिट कार्डाचा तपशील यांचा समावेश होता. पासवर्ड गेले नाहीत आणि कार्डाच्या मागील बाजूचा तीन अंकी सीव्हीव्ही क्रमांक सिटाकडे ठेवलाच जात नव्हता, असेही स्पष्ट केले होते. उपाय म्हणून घटनेची चौकशी, बाधित सर्व्हर सुरक्षित करणे, बाहेरील तज्ज्ञांची नेमणूक, कार्ड देणाऱ्या बँकांना कळवणे आणि नियमित प्रवासी योजनेचे पासवर्ड नव्याने बसवणे ही पावले सांगितली होती. प्रवाशांना सल्ला एकच होता : आवश्यक तेथे पासवर्ड बदलावेत.

या शेवटच्या वाक्याशी वाचकाने थांबायला हवे. जे गेलेच नाही ते बदलण्याचा सल्ला पत्र देते. जे गेले त्याबाबत, म्हणजे पारपत्र, जन्मतारीख, दूरध्वनी क्रमांक आणि कार्ड यांबाबत, ग्राहकाने काय करावे याविषयी ते मौन बाळगते. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. यादीतील सर्व प्रकारची माहिती प्रत्येकाची गेली असेल असे नाही. एखाद्याचे केवळ नाव आणि सदस्य क्रमांक, तर दुसऱ्याचे पारपत्र आणि कार्डही गेलेले असू शकते. एकाच मजकुराच्या पत्रातून हा फरक कळत नाही. परिणामी सावध ग्राहक सगळेच गेले असे मानून घाबरतो आणि निष्काळजी ग्राहक आपले काही गेले नसावे असे मानून पत्र बाजूला ठेवतो.

हा फरक किती मोठा असू शकतो, हे त्याच हल्ल्यातील दुसऱ्या उदाहरणावरून दिसते. सिंगापूर एअरलाइन्स सिटाच्या त्या प्रणालीची ग्राहक नव्हती. तथापि स्टार अलायन्समधील कंपन्या एकमेकींच्या सदस्यांचा दर्जा ओळखता यावा म्हणून मर्यादित माहिती परस्परांना देतात. त्या वाटेने तिच्या सुमारे ५ लाख ८० हजार सदस्यांची नोंद बाधित झाली. परंतु ती सदस्य क्रमांक, सदस्यत्वाचा दर्जा आणि काही बाबतींत नाव एवढ्यापुरतीच होती. हे तिने मार्चच्या आरंभीच सदस्यांना कळवले. हल्ला एकच होता, पण ग्राहकाला असलेला धोका अगदी वेगळा होता. म्हणूनच ‘माहितीगळती झाली’ हे वाक्य एकट्याने फारसे उपयोगाचे नसते.

एका प्रवाशाचा हिशेब

समजा, पुण्याच्या एका प्रवाशाने जून २०१४ मध्ये दिल्लीमार्गे फ्रँकफर्टला जाण्यासाठी तिकीट काढले. पारपत्र २०१२ मधील, पैसे क्रेडिट कार्डाने भरलेले. त्यानंतर जानेवारी २०२० मध्ये त्याने उन्हाळ्यातील प्रवासाचे आणखी एक तिकीट काढले आणि ते टाळेबंदीत रद्द झाले. मे २०२१ मध्ये त्याला हे पत्र मिळाले. त्याने प्रत्येक बाब स्वतंत्रपणे तपासायला हवी, कारण प्रत्येकीचे आयुष्य वेगळे आहे.

२०१४ च्या कार्डाची मुदत बहुधा संपलेली असते. मात्र नूतनीकरणाच्या वेळी काही बँका जुनाच सोळा अंकी क्रमांक ठेवतात आणि केवळ मुदत व सीव्हीव्ही बदलतात. त्यामुळे सध्याच्या कार्डाचा क्रमांक जुन्या पावतीवरील शेवटच्या चार अंकांशी ताडून पाहावा. तोच असेल, अथवा २०२० चे कार्ड अजून चालू असेल, तर ते बंद करून नव्या क्रमांकाचे मागवणे हा सर्वांत सोपा उपाय. भारतातील ऑनलाइन व्यवहाराला सहसा ओटीपी लागतो, म्हणून केवळ क्रमांकावर देशात पैसे काढणे अवघड असते. परदेशातील सर्वच संकेतस्थळे ओटीपी मागत नाहीत, काही सीव्हीव्हीही मागत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ऑक्टोबर २०२० पासून बँकांना कार्डधारकासाठी आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन व्यवहार स्वतः चालू-बंद करण्याची सोय द्यावी लागते. नवे कार्ड येईपर्यंत बँकेच्या ॲपमधील आंतरराष्ट्रीय व्यवहारांची कळ बंद ठेवणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

पारपत्राचे स्वरूप निराळे आहे. प्रौढांचे पारपत्र दहा वर्षे चालते, म्हणजे २०१२ चे पारपत्र २०२२ पर्यंत वैध होते. केवळ क्रमांक हाती आल्याने कोणी त्यावर प्रवास करू शकत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष पुस्तिका लागते. खरी भीती ओळखपत्राचा क्रमांक, नाव आणि जन्मतारीख एकत्र वापरून दुसऱ्याच्या नावे खाते वा कर्ज मिळवण्याच्या प्रयत्नाची असते. क्रमांक फुटला एवढ्यावरून घाईने नवे पारपत्र काढणे बहुतेकांना आवश्यक नाही. पुढील नूतनीकरणात नवी पुस्तिका नव्या क्रमांकाची मिळते. दरम्यान आपल्या नावावर अनोळखी कर्ज निघाले नाही ना, हे पतअहवालात पाहावे. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चारही एकाच दिवशी न मागवता दर तीन महिन्यांनी एक मागवला, तर वर्षभर पाळत ठेवता येते.

जन्मतारीख मात्र कधीच बदलता येत नाही आणि भारतात तिचा एक विशेष धोका आहे, ज्याची वाच्यता क्वचितच होते. अनेक बँका मासिक विवरणपत्राची फाइल ई-मेलने पाठवतात आणि तिचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरे व जन्मतारखेतील अंक असा ठेवतात. ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष असा असतो. म्हणजे नाव आणि जन्मतारीख ज्याच्याकडे आहे, त्याच्यासाठी या फायलींचे कुलूप उघडलेलेच आहे. उरतो तो केवळ ई-मेल खात्याचा दरवाजा. पत्रातील पासवर्ड बदलण्याच्या सल्ल्याला अर्थ द्यायचा असेल, तर विमान कंपनीच्या खात्याआधी ई-मेलचा पासवर्ड बदलावा, तेथे दुहेरी पडताळणी सुरू करावी आणि जुन्या विवरणपत्रांच्या फायली ई-मेलमधून काढून टाकाव्यात.

तिकिटाची माहिती निरुपद्रवी वाटते. प्रवास अजून व्हायचा असेल तर ती तशी नाही. आरक्षणाचा सहा अक्षरी पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर बहुतेक विमान कंपन्यांच्या संकेतस्थळावर आरक्षण उघडते. तेथे संपर्क क्रमांक बदलता येतो, काही वेळा तिकीट रद्दही करता येते. पुढील तारखेचे तिकीट असलेल्याने ते उघडून नाव, क्रमांक आणि ई-मेल आपलेच आहेत का हे पाहावे. नियमित प्रवासी योजनेतील गुण हीसुद्धा एक प्रकारची शिल्लकच असते. त्यांचा तपशील तपासावा.

पत्रानंतर येणारा फोन

माहितीगळतीतून होणारे मोठे नुकसान पुष्कळदा चोरलेल्या क्रमांकातून थेट होत नाही. ते फोनवरून होते. वरील उदाहरणातील प्रवाशाचे २०२० चे तिकीट टाळेबंदीत रद्द झाले होते. त्या काळातील रद्द तिकिटांच्या परताव्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि असंख्य प्रवासी पैशांची वाट पाहत होते. अशा माणसाला फोन येतो. बोलणारा त्याचे पूर्ण नाव, प्रवासाची तारीख, मार्ग आणि कार्डाचे शेवटचे चार अंक अचूक सांगतो, परतावा अडकल्याचे कळवतो आणि ‘पडताळणीसाठी’ ओटीपी मागतो. एवढे ठाऊक असलेला माणूस कंपनीचाच असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. वास्तविक गळती झाल्यानंतर ही माहिती जाणणे हा कंपनीचा माणूस असल्याचा पुरावा उरत नाही. पत्र मिळालेल्या ग्राहकाने ध्यानात ठेवायची हीच मुख्य गोष्ट आहे.

ओटीपी देण्याचा परिणाम कायदेशीरदृष्ट्याही मोठा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या दायित्वाचा नियम घालून दिला. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, दोष व्यवस्थेत अन्यत्र आहे, अशा अनधिकृत व्यवहारात बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याचे दायित्व शून्य असते. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत ते ठरावीक मर्यादेत राहते. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे ठरते. त्रयस्थाकडून कार्डाचा तपशील फुटणे हे या पहिल्या प्रकारात बसते. मात्र ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला, तर तो निष्काळजीपणा ठरतो आणि बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याच्या माथी येते. चोराला केवळ क्रमांक मिळाला होता तोवर ग्राहक सुरक्षित होता. संरक्षण जाते ते फोनवरील त्या एका मिनिटात.

सूचनेच्या पत्राचीही नक्कल होते. ‘आपली माहिती बाधित झाली आहे, येथे तपासा’ असा दुवा देणारे बनावट ई-मेल खऱ्या बातमीच्या पाठोपाठ फिरू लागतात. खऱ्या सूचनेला ग्राहकाकडून काहीही भरून घ्यायचे नसते. कार्ड क्रमांक, जन्मतारीख वा ओटीपी मागणारी, ॲप उतरवून घ्यायला सांगणारी सूचना खरी नसते. दुवा न दाबता कंपनीचे संकेतस्थळ स्वतः टंकून उघडावे आणि तेच निवेदन तेथे आहे का ते पाहावे. पैसे गेलेच, तर बँकेला कळवण्याबरोबर १९३० या क्रमांकावर लगेच दूरध्वनी करावा अथवा cybercrime.gov.in येथे तक्रार नोंदवावी. रक्कम पुढील खात्यांत पांगण्याआधी गोठवली गेली तरच ती परत मिळण्याची शक्यता राहते.

नवे नियम काय मागतात

२०२१ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० आणि त्याखालील नियम लागू होते. घटना ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेला कळवण्याची व्यवस्था होती आणि एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी त्यासाठी सहा तासांची मुदत ठरवली. ग्राहकाला कळवण्याचे बंधन त्यात नव्हते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ ने ते प्रथम आणले. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. सूचनेसंबंधीच्या तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू होणार आहेत.

नियम ७ नुसार कंपनीने प्रत्येक बाधित व्यक्तीला विलंब न लावता, थोडक्यात आणि सोप्या शब्दांत, तिच्या खात्यातून वा नोंदवलेल्या संपर्कावर पाच गोष्टी कळवायच्या आहेत : गळतीचे स्वरूप, व्याप्ती आणि वेळ, त्या व्यक्तीवर होऊ शकणारे परिणाम, कंपनीने योजलेले उपाय, त्या व्यक्तीने स्वतः घ्यावयाची काळजी, आणि प्रश्नांची उत्तरे देऊ शकेल अशा माणसाचा संपर्क. भारतीय डेटा संरक्षण मंडळालाही तातडीने कळवायचे असून सविस्तर अहवालासाठी ७२ तासांची मुदत आहे. ग्राहकासाठी मात्र तासांचा आकडा नाही, ‘विलंब न लावता’ एवढेच आहे. माहिती दुसऱ्या संस्थेकडे हाताळायला दिली होती म्हणून कंपनीची जबाबदारी टळत नाही. सूचना न दिल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो.

युरोपीय संघात व्यक्तीला सूचना द्यावी लागते ती धोका मोठा असेल तेव्हाच. भारतीय कायद्यात असा उंबरठा नाही. कोणतीही गळती, प्रत्येक बाधित व्यक्ती. कागदावर हे अधिक कडक आहे, पण किरकोळ सूचनांच्या गर्दीत महत्त्वाची सूचना न वाचली जाण्याचा धोकाही त्यात आहे.

या कसोटीवर २०२१ चे पत्र पहिल्या आणि तिसऱ्या बाबीत बऱ्यापैकी उतरते. परिणाम आणि ग्राहकाने घ्यावयाची काळजी या दोन बाबींत ते तोकडे पडते. नियमाला अभिप्रेत मजकूर वरील पुण्याच्या प्रवाशासाठी काहीसा असा असता :

“आपण जून २०१४ आणि जानेवारी २०२० मध्ये काढलेल्या तिकिटांची नोंद बाहेर गेली आहे. तिच्यात आपले नाव, जन्मतारीख, मोबाइल क्रमांक, पारपत्र क्रमांक आणि शेवटचे चार अंक अमुक असलेल्या कार्डाचा क्रमांक व मुदत होती. सीव्हीव्ही आणि पासवर्ड नव्हते. या माहितीच्या आधारे कोणी आमच्या नावाने आपल्याला फोन करू शकेल. परताव्यासाठी आम्ही ओटीपी मागत नाही. हे कार्ड आपल्याकडे अजून चालू असल्यास बँकेकडून बदलून घ्यावे. आपल्या नोंदीविषयी विचारण्यासाठी या क्रमांकावर संपर्क साधावा.”

नुकसानभरपाईबाबत मात्र ग्राहकाची बाजू बळकट झालेली नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये, संवेदनशील माहितीची वाजवी सुरक्षा न राखणाऱ्या कंपनीकडून भरपाई मागण्याची वाट होती. नवा कायदा पूर्ण लागू होताच हे कलम वगळले जाईल. मंडळाने ठोठावलेला दंड भारताच्या संचित निधीत जमा होईल, बाधित व्यक्तीला त्यातून काही मिळणार नाही. तक्रारही आधी कंपनीकडे करावी लागेल आणि तेथे निवारण न झाल्यासच मंडळाकडे जाता येईल. त्यामुळे सूचनेची प्रत, ती मिळाल्याची तारीख, बँकेला कळवल्याचा तक्रार क्रमांक आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा.

भाषेचा प्रश्नही मोकळाच आहे. माहिती गोळा करताना संमतीसाठी दिली जाणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय देणे कायद्याने आवश्यक केले आहे. तीच माहिती बाहेर गेल्यावर पाठवायच्या सूचनेबाबत नियम ७ मध्ये भाषेचा उल्लेख नाही, ‘सोप्या शब्दांत’ एवढीच अट आहे.